एफआयआर फिल्टर कधी चालतो, कधी बिघडतो: दोष गुणाकारात नाही, बफरच्या पत्त्यात आहे

लक्षण असं असतं. 32 टॅपचा एफआयआर फिल्टर असेंब्लीत लिहिलेला आहे, सर्क्युलर बफर वापरलेला आहे, बोर्डावर नीट चालतो. मग कोणीतरी त्या फिल्टरशी काही संबंध नसलेला एखादा व्हेरिएबल काढतो किंवा घालतो, पुन्हा बिल्ड करतो आणि फिल्टर जातो. फिल्टरच्या कोडची एक ओळही बदललेली नसते. जुना बदल परत केला की फिल्टर पुन्हा ठीक. आठवड्याने दुसऱ्याच कारणाने तेच.

सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये हे मी पाहिलं. साखर कारखान्याच्या मिलच्या गिअरबॉक्सवर बसवायचं कंपन मोजणारं यंत्र तिथली दोन मुलं तयार करत होती. ॲक्सिलरोमीटरचा सिग्नल सेकंदाला 8000 सॅम्पलने घ्यायचा, 1 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं फिल्टरने काढायचं आणि उरलेल्या सिग्नलवर पुढचा हिशोब करायचा. प्रोसेसर TMS320C5402, घड्याळ 100 मेगाहर्ट्झ. बोर्ड जुना असला तरी या कामाला पुरून उरतो. त्यांची तक्रार एका वाक्यात होती: "सर, तो लॉगचा ॲरे काढला की फिल्टर जातो, परत टाकला की येतो. आता तो ॲरे तसाच ठेवून माल पाठवायचा का?"

नाही पाठवायचा. तो ॲरे काही दुरुस्त करत नव्हता. तो फक्त मधली 32 शब्दांची जागा अडवून बसला होता, आणि त्या जागेमुळे बफर योगायोगाने बरोबर पत्त्यावर पडत होता. हे कसं होतं ते नीट समजून घेतलं तर पुन्हा या दोषामागे दिवस जात नाहीत.

आधी मूळ कोड

हा त्यांचाच कोड आहे, फक्त अनावश्यक ओळी काढल्या आहेत. यात चूक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

```
        STM   #32, BK
        STM   #1, AR0
        STM   #xbuf, AR3
        STM   #coef, AR2
        STM   #yout, AR5
        SSBX  FRCT
        SSBX  SXM

fir:    STL   A, *AR3+%
        RPTZ  A, #31
        MAC   *AR3+0%, *AR2+0%, A
        STH   A, *AR5
```

वरचा भाग एकदाच चालतो, `fir` पासूनचा भाग प्रत्येक सॅम्पलला. नवं सॅम्पल `A` मध्ये आलेलं असतं. `AR3` नेहमी बफरमधल्या सर्वात जुन्या सॅम्पलवर उभा असतो. `STL` त्या जुन्यावर नवं सॅम्पल लिहितो आणि पॉइंटर एक घर पुढे नेतो, म्हणजे आता तो उरलेल्यांतल्या सर्वात जुन्यावर आला. `RPTZ` ॲक्युम्युलेटर शून्य करतो आणि पुढची एकच ओळ 32 वेळा चालवतो. तिथे 31 लिहायचं असतं, कारण प्रोसेसर दिलेल्या आकड्यापेक्षा एक वेळा जास्त फिरतो. `MAC` दर फेरीत एक सॅम्पल आणि एक गुणांक उचलतो, गुणतो, बेरजेत मिळवतो आणि दोन्ही पॉइंटर पुढे सरकवतो. 32 पावलांनी दोन्ही पॉइंटर गोल फिरून जिथून निघाले तिथेच परत येतात. सॅम्पल जुन्याकडून नव्याकडे वाचली जात असल्याने गुणांक उलट्या क्रमाने ठेवायचे. फिल्टर सममित असेल तर क्रमाने फरक पडत नाही.

`MAC` मध्ये दोन ऑपरँड एकाच वेळी घ्यायचे असले की या प्रोसेसरवर पत्ता देण्याचे प्रकार मोजकेच मिळतात आणि गोल फिरवणारा एकच आहे: `*ARx+0%`. यात पाऊल किती टाकायचं ते `AR0` सांगतो. म्हणून वर `AR0` मध्ये 1 भरला आहे. तो भरायचा राहिला तरी फिल्टर बिघडतोच, पण तो दर बिल्डला सारखाच बिघडतो. इथला दोष तसा नाही.

बफर कुठून सुरू होतो हे प्रोसेसरला कोणी सांगितलं?

वरच्या कोडकडे पुन्हा पाहा. बफर किती लांब ते `BK` मध्ये सांगितलं. पॉइंटर कुठे आहे ते `AR3` मध्ये सांगितलं. पण बफरची सुरुवात कुठे आहे हे कुठेच सांगितलेलं नाही. सी54 मालिकेत त्यासाठी रजिस्टरच नाही. प्रोसेसर ती सुरुवात स्वतः काढतो आणि ती काढण्याची त्याची रीत ठरलेली आहे.

तो `BK` मधला आकडा लिहायला किती बिट लागतात ते बघतो. तितके खालचे बिट पॉइंटरमधून बाजूला काढतो. ते खालचे बिट म्हणजे बफरमधला क्रमांक, आणि त्या बिटांच्या जागी शून्य ठेवून जो पत्ता उरतो तो बफरचा पाया. क्रमांकात पाऊल मिळवायचं. बेरीज `BK` इतकी किंवा त्याहून जास्त झाली तर त्यातून `BK` वजा करायचा. एवढाच त्याचा नियम.

31 लिहायला पाच बिट लागतात: 11111. म्हणून 31 शब्दांचा बफर 32 च्या पटीतल्या पत्त्यावर बसला की झालं. पण 32 लिहायला सहा बिट लागतात: 100000. म्हणून 32 शब्दांच्या बफरला 32 ची नव्हे, 64 ची पट लागते. त्याच हिशोबाने 63 ला 64 ची आणि 64 ला 128 ची. नियम म्हणून लिहायचं तर बफरच्या लांबीपेक्षा मोठा असा दोनाचा पहिला घात घ्यायचा. मोठा म्हणजे मोठाच, बरोबरीचा चालत नाही.

नेमकं इथेच माणूस घसरतो. 32 शब्दांचा बफर आहे, 32 च्या पटीत बसवला, आणखी काय पाहिजे, असं कोणालाही वाटेल. त्या मुलांनी लिंकर फाइलमध्ये नेमकं तेच केलं होतं: गुणांकांच्या सेक्शनला `align(32)`, बफरच्या सेक्शनला `align(32)`, आणि मध्ये लॉगचा ॲरे.

त्यांच्या बिल्डमध्ये प्रत्यक्षात काय झालं

मॅप फाइल उघडली तेव्हा चालणाऱ्या बिल्डमध्ये गुणांक `0x0400` वर होते, लॉगचा ॲरे `0x0420` पासून 32 शब्द, आणि सॅम्पलचा बफर `0x0440` वर. `0x0400` आणि `0x0440` दोन्ही 64 च्या पटीत आहेत. नियम पाळला जात होता, फक्त तो कोणी मुद्दाम पाळला नव्हता.

लॉगचा ॲरे काढला तेव्हा बफर वर सरकून `0x0420` वर आला. 32 ची पट आहे, 64 ची नाही. लिंकरला जे सांगितलं ते त्याने केलं, म्हणून ना एरर, ना वॉर्निंग.

आता प्रोसेसरच्या डोळ्यांनी एक सॅम्पल चालवू. `AR3` मध्ये `0x0420` आहे. खालचे सहा बिट काढले की पाया `0x0400` आणि क्रमांक 32. पहिलं सॅम्पल `0x0420` वर लिहिलं जातं, ते बरोबर. मग एक पाऊल: 32 आणि 1 मिळून 33, ते `BK` पेक्षा जास्त, म्हणून 32 वजा, उरला 1. नवा पत्ता `0x0401`. म्हणजे पहिल्याच पावलात पॉइंटर आपल्या बफरमधून बाहेर पडून गुणांकांच्या घरात शिरला, आणि तिथून तो कधीच बाहेर येत नाही. यापुढे तो `0x0400` ते `0x041F` एवढ्यातच फिरतो.

दुसरं सॅम्पल `0x0401` वर लिहिलं जातं, म्हणजे एका गुणांकावर. तिसरं पुढच्या गुणांकावर. पहिलं सॅम्पल धरून 33 सॅम्पल झाली, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून किंचित जास्त वेळ गेला, की एकही गुणांक शिल्लक राहत नाही. `AR2` आणि `AR3` दोघेही त्याच 32 घरांत फिरतात आणि `MAC` सॅम्पलला सॅम्पलनेच गुणत राहतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे हा दोष महिनोन्महिने लपतो. `0x0400` ते `0x041F` या जागेत कोणाचंच काही नसतं, तर फिल्टर अगदी बरोबर चालला असता. पहिलं एक सॅम्पल वाया गेलं असतं आणि बाकीचा सगळा व्यवहार शेजारच्या रिकाम्या जागेत सुखाने झाला असता. चुकीच्या पत्त्यावर चालणारा फिल्टर दिसायला बरोबरच असतो. ज्या दिवशी त्या जागेत दुसरं कोणी राहायला येतं त्या दिवशी तो बिघडतो, आणि शंका त्या नव्या कोडवर घेतली जाते.

ओळखायचं कसं

मॅप फाइल हाताशी असेल तर पत्ता बघून अर्ध्या मिनिटात कळतं. पण बोर्ड कारखान्यात बसलेला आहे आणि हातात फक्त सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप आहे, अशीही वेळ येते. तेव्हा ही तपासणी कामाची.

1 किलोहर्ट्झची साइन द्या, मग 3 किलोहर्ट्झची. दुसरी जवळजवळ नाहीशी व्हायला हवी. बिघडलेल्या बिल्डमध्ये ती तेवढीच मोठी बाहेर येते. त्याने फिल्टर चालत नाही एवढं कळतं, का ते कळत नाही. का ते कळायला इनपुटची उंची निम्मी करून बघायची. कोणताही एफआयआर फिल्टर, गुणांक कितीही चुकलेले असले तरी, इनपुट निम्मा केला की निम्माच आउटपुट देतो. इथे मात्र सॅम्पलला सॅम्पलने गुणलं जातंय, म्हणून आउटपुट पाव होतो.

आकडेही अगदी ठरल्यासारखे येतात. सेकंदाला 8000 सॅम्पल असताना 1 किलोहर्ट्झच्या लाटेत 8 सॅम्पल बसतात, 32 घरांत चार पूर्ण लाटा. त्यामुळे बेरजेची उंची इनपुटच्या उंचीच्या वर्गाच्या 16 पट होते, उंची 1 च्या अपूर्णांकात धरली तर. इनपुट 4096 चा, म्हणजे एक अष्टमांश, दिला तर आउटपुट 8192 येतो. इनपुट 2048 केला तर आउटपुट 2048. इनपुट 1024 केला तर 512. आणि 8192 दिला तर बेरीज पूर्ण 1 ला जाऊन भिडते आणि शिखरावर चिन्ह उलटतं.

यातली मधली जोडी नीट बघा. त्या मुलांनी चाचणी 2048 च्या उंचीनेच घेतली होती, 1 किलोहर्ट्झवर. आत 2048, बाहेर 2048. पासबँड अगदी एकास एक आहे असं त्यावरून वाटतं आणि पुढच्या सगळ्या शोधाची दिशा चुकते. म्हणून एका उंचीवर घेतलेली चाचणी मी चाचणी मानत नाही. दोन उंचींवर घ्या, आणि फ्रिक्वेन्सी 250 हर्ट्झच्या पटीतली घ्या, म्हणजे 32 घरांत पूर्ण लाटा बसतात आणि आकडे स्थिर मिळतात. एरवी उंची सॅम्पलगणिक खालीवर होत राहते आणि गोंधळ वाढतो.

डीबगर जोडता येत असेल तर त्याहून थेट रीत आहे. सुरुवातीला प्रोसेसर थांबवून मेमरी विंडोत `xbuf` चे सगळे 32 शब्द `0x5A5A` ने भरा. मग शंभरएक सॅम्पल चालवून थांबवा. निरोगी फिल्टरमध्ये 32 चे 32 शब्द बदललेले दिसतील. या दोषात फक्त पहिला शब्द बदललेला असतो, बाकी 31 जागच्या जागी `0x5A5A`. विंडो जरा वर सरकवून `coef` बघितलं की तिथे गुणांकांऐवजी आपलीच साइन लाट दिसते. त्या मुलांनी ही विंडो पाहिली तेव्हा पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

इम्पल्स देऊनही कळतं. आधी शून्यं चालू द्या, मग एकच सॅम्पल `0x7FFF`, पुन्हा शून्यं. बरोबर फिल्टर 32 आउटपुटमध्ये आपले गुणांक ओळीने वाचून दाखवतो. त्यात धन गुणांक एकने कमी येतात आणि ऋण गुणांक जसेच्या तसे. तो दोष नव्हे: `0x7FFF` पूर्ण 1 नाही आणि `STH` खालचा भाग कापून टाकतो, त्याचा तो परिणाम. बिघडलेल्या बिल्डमध्ये मात्र 32 आकड्यांच्या जागी एकच उंच टोक येतं आणि बाकी सगळं शून्य.

कधी उलटं होतं. बफर बरोबर पत्त्यावर आणि गुणांक चुकीच्या पत्त्यावर, समजा `0x0420` वर. तेव्हा गुणांक पुसले जात नाहीत, पण `AR2` पहिल्या पावलात खालच्या परक्या जागेत जातो आणि तिथे जे असेल त्याने गुणत राहतो. तिथे शून्यं असतील तर आउटपुट सरळ मेलेला दिसतो, आणि मेमरी विंडोत गुणांक मात्र शाबूत. हे रूप जास्त फसवतं, कारण गुणांक बघून माणूस समाधानाने पुढे जातो. तिथे गुणांकांऐवजी `AR2` रजिस्टर कुठे उभा आहे ते बघायचं.

सायकल मोजून हा दोष सापडत नाही

असं काही झालं की पहिली शंका वेळेवर जाते: दोन सॅम्पलच्या मधे हिशोब पुरा होत नसेल. त्या मुलांनीही घड्याळ बदलून पाहिलं होतं. म्हणून हिशोब मांडून दाखवतो.

`STL` ला 1 सायकल, `RPTZ` ला 2, `MAC` ला 32, `STH` ला 1. एकूण 36. 100 मेगाहर्ट्झवर 8000 सॅम्पल म्हणजे प्रत्येक सॅम्पलला 12,500 सायकल हाताशी आहेत. त्यातल्या 36, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. वेळ कमी पडण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि दोष असलेल्या बिल्डमध्येही प्रोफाइलर 36 च दाखवतो. पॉइंटर स्वतःच्या घरात फिरो की शेजाऱ्याच्या, पत्ता काढायला लागणारा वेळ तोच. सर्क्युलर पत्त्याचं सगळं गणित पत्ता काढणारं वेगळं युनिट गुणाकाराच्या बरोबरीने करतं, म्हणून ते फुकट पडतं. सायकल बरोबर आल्या म्हणून पत्ता बरोबर आहे असं म्हणता येत नाही.

सायकलचा आकडा दुसऱ्या दोषांसाठी मात्र फार बोलका आहे. `MAC` ची एका सायकलमध्ये एक फेरी तेव्हाच होते जेव्हा दोन्ही ऑपरँड एकाच सायकलमध्ये वाचता येतात. सी5402 वरची आतली 16 हजार शब्दांची मेमरी एका सायकलमध्ये दोनदा वाचता येते, म्हणून गुणांक आणि सॅम्पल एकाच ब्लॉकमध्ये असले तरी चालतं. सी5416 वर त्याशिवाय एका सायकलमध्ये एकदाच वाचता येणारी मेमरीही आहे. तिच्या एकाच ब्लॉकमध्ये दोन्ही पडले तर प्रत्येक फेरीला दोन सायकल लागतात आणि 36 चे 68 होतात. 68 हा आकडा दिसला की कोड वाचत बसू नका, सेक्शन कुठल्या मेमरीत गेलेत ते बघा. आकडा अडीचशेच्या पुढे गेला तर गुणांक बहुतेक बाहेरच्या मेमरीत आहेत. रीसेटनंतर या प्रोसेसरची बाहेरची प्रत्येक पोच 7 थांबे धरून चालते आणि `SWWSR` मध्ये ते कमी केले नाहीत तर तशीच राहते. 32 वाचनांना प्रत्येकी 8 धरले तरी 256 होतात.

दुरुस्ती

लिंकर फाइलमध्ये दोन आकडे बदलायचे.

```
SECTIONS
{
    fircoef : align(64) {} > DARAM PAGE 1
    dbglog  : {} > DARAM PAGE 1
    firbuf  : align(64) {} > DARAM PAGE 1
}
```

असेंब्लीत बफर स्वतःच्या नावाच्या सेक्शनमध्ये असला पाहिजे, `.bss` मध्ये इतरांबरोबर ढकललेला नको: `xbuf .usect "firbuf", 32`. सेक्शनची सुरुवात 64 च्या पटीत येते, सेक्शनमधल्या प्रत्येक ॲरेची नाही. एकाच सेक्शनमध्ये दोन बफर ठेवले तर पहिला बरोबर बसेल आणि दुसरा `0x0420` सारख्या जागी जाईल, म्हणजे दोष जसाच्या तसा परत. प्रत्येक सर्क्युलर बफरला वेगळं सेक्शन द्या.

`dbglog` मुद्दाम मध्येच ठेवला आहे. गुणांकांचे 32 शब्द संपल्यावर पुढच्या 64 च्या पटीपर्यंत 32 शब्दांची पोकळी राहते आणि तो ॲरे तिथे बरोबर मावतो. पण आता तो असो वा नसो, बफर `0x0440` वरच येतो. त्याला काढून बिल्ड करून बघणं हीच दुरुस्तीची खरी परीक्षा, आणि त्या मुलांकडून मी तीच करून घेतली.

लिंकर फाइल पुढे दुसऱ्या प्रकल्पात जाते, कोणीतरी टॅप 32 चे 64 करतो आणि `align(64)` तसाच राहतो. तेव्हा हा दोष परत येणार. म्हणून चालू होताना एकदा पत्ता तपासून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. तीन ओळी लागतात.

```
        LD    #xbuf, A
        AND   #63, A
        BC    bad, ANEQ
```

खालच्या सहा बिटांत काही उरलं तर `bad` ला जायचं, तिथे एलईडी लावा किंवा तिथेच थांबा. `coef` साठीही तेच. टॅप 64 केले तर 63 च्या जागी 127 लिहायचं. हे सुरुवातीला एकदाच चालतं, सॅम्पलच्या 36 सायकलमध्ये त्याचा काहीच भार नाही.

पत्त्याची अट सैल हवी असेल किंवा अटच नको असेल तर दोन वाटा आहेत. एक, 31 टॅप घ्यायचे. मग 32 ची पट पुरते, आणि सममित फिल्टर असेल तर विलंबही नेमका 15 सॅम्पलचा येतो, 32 टॅपला तो साडेपंधरा येतो. लो-पास फिल्टरला एका टॅपने सहसा काही बिघडत नाही, त्यामुळे नव्या डिझाइनला मी 31 किंवा 63 च सुचवतो. पण चालू यंत्रातला दोष लपवायला टॅप कमी करू नयेत. आधी पत्ता सुधारा, मग हवं तर टॅप बदला.

दुसरी वाट `MACD` ची. ती गुणता गुणता प्रत्येक सॅम्पल एक घर पुढे ढकलते, म्हणून सर्क्युलर बफर लागतच नाही आणि पत्ता कुठलाही चालतो. फिरवून वापरली तर तीही टॅपमागे एकच सायकल घेते. पण तिला गुणांक प्रोग्राम मेमरीतून लागतात आणि तो वेग टिकवायला सॅम्पलचा बफर त्या दोनदा वाचता येणाऱ्या मेमरीत असावा लागतो. ज्यांना चालता चालता गुणांक बदलायचे असतात त्यांना ती अडचणीची पडते.

सी भाषेत जाऊन `%` ने गोल फिरवणं ही तिसरी वाट बरेच जण धरतात. या प्रोसेसरला भागाकाराची एकच अशी सूचना नाही. `SUBC` 16 वेळा फिरवावी लागते. 32 टॅपला दरवेळी बाकी काढली तर फक्त त्या पायऱ्यांच्याच 512 सायकल होतात, फंक्शन कॉलचा खर्च वेगळा. 12,500 मध्ये एका चॅनेलला ते बसेल, पण गिअरबॉक्सवर चार-सहा सेन्सर लावून टॅप वाढवले की अंगाशी येईल. लांबी 32 असताना `& 31` लिहिता येतं आणि ते स्वस्त पडतं, पण मग लांबी दोनाचा घातच ठेवावी लागते. `BK` ला ती अट नाही, 31 असो की 47, त्याला सारखंच.

दोन फिल्टर असतील तर

हा दोष दुरुस्त झाल्यावर त्याच यंत्रात दुसरा, 63 टॅपचा फिल्टर इंटरप्टमध्ये घालायचं ठरलं, म्हणून ही एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. `BK` एकच आहे. एका `MAC` मधले दोन्ही सर्क्युलर पॉइंटर तोच `BK` वापरतात, आणि इंटरप्टमधला फिल्टरही तोच. `RPTZ` ची फेरी चालू असताना प्रोसेसर इंटरप्ट घेत नाही, त्यामुळे 32 गुणाकारांच्या मधे कोणी घुसणार नाही. पण `STL` च्या आधी घुसू शकतो. इंटरप्टने `BK` 63 करून तसाच सोडला तर परत आल्यावर 32 च्या फिल्टरचा पॉइंटर 32 व्या घरानंतरही पुढे जात राहील. हाही दोष कधीतरीच दिसेल, इंटरप्ट नेमका कुठे पडला त्यावर.

म्हणून इंटरप्टच्या सुरुवातीला `PSHM BK` आणि शेवटी `POPM BK`; `AR0`, `A` आणि तिथे वापरलेले पॉइंटरही तसेच जपायचे. `BK` बदलल्यावर लगेच पुढच्या ओळीत सर्क्युलर पत्ता वापरू नका, कारण पाइपलाइनमध्ये नवी किंमत पोचायच्या आत जुनी वापरली जाऊ शकते. वरच्या कोडमध्ये `STM #32, BK` सगळ्यात आधी आहे तो याचसाठी, मधल्या ओळी त्याला वेळ देतात. आणि सी मधून हा फिल्टर बोलवत असाल तर परत जाताना `RSBX FRCT` करा. सी कंपायलर तो बिट 0 आहे असं धरून चालतो, आणि तो 1 राहिला तर सी मधले गुणाकार दुप्पट येऊ लागतात.

सी55 मालिकेवर काम करणाऱ्यांना यातलं पत्त्याचं दुखणं भेटत नाही, कारण तिथे बफरच्या सुरुवातीसाठी वेगळं रजिस्टर आहे आणि सुरुवात कुठेही ठेवता येते. तिथला कोड सी54 वर आणताना मात्र लिंकर फाइल सर्वात आधी उघडा. तिकडच्या फाइलमध्ये `align` नसण्याचीच शक्यता जास्त.